स्पर्शबिंदूवरच का? ग्राहकाच्या समतोलामागचं गणित, एका उदाहरणातून

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी एक आकृती हमखास भेटते. दोन अक्ष, डावीकडून उजवीकडे उतरणारी एक सरळ रेषा आणि तिला एकाच ठिकाणी टेकून जाणारा एक वक्र. जिथे टेकतो तिथे ठिपका काढायचा आणि खाली लिहायचं: या बिंदूत वक्राचा उतार आणि रेषेचा उतार समान असतो, म्हणून ग्राहक समतोलात असतो. वाक्य पाठ होतं, पेपरात उतरतं, गुणही मिळतात. पण त्यातल्या 'म्हणून' या शब्दापाशी जरा थांबलं, तर प्रश्न पडतो की दोन उतार सारखे झाले याचं ग्राहकाला काय? तो काही उतार मोजत खरेदीला निघालेला नसतो.

या प्रश्नाचं उत्तर आकृतीकडे बघत बसून सापडत नाही. त्यासाठी दोन्ही उतार म्हणजे नेमकं काय, हे एका माणसाच्या हिशोबात उतरवून पाहावं लागतं.

समजा, एका माणसाकडे महिन्याला करमणुकीसाठी १६० एवढी रक्कम आहे. चलन कुठलंही धरा. ती तो दोनच गोष्टींवर खर्च करतो, सिनेमे आणि पुस्तकं. सिनेमाचं तिकीट १० ला, पुस्तक २० ला. सगळे पैसे सिनेमांवर घातले तर १६ सिनेमे, सगळे पुस्तकांवर घातले तर ८ पुस्तकं. आडव्या अक्षावर सिनेमे आणि उभ्या अक्षावर पुस्तकं घेऊन हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की झाली बजेट रेषा. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूत पूर्ण १६० खर्च होतात. रेषेच्या आत काही पैसे शिल्लक राहतात, बाहेर पैसे पुरत नाहीत.

या रेषेचा उतार ग्राहकाच्या आवडीनिवडीबद्दल काहीही सांगत नाही. तो फक्त बाजाराचा दर सांगतो: एक पुस्तक जास्त हवं असेल, तर दोन सिनेमे सोडावे लागतील. हा दर रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आहे, कारण तुम्ही पहिलं पुस्तक घेताय की सातवं, याच्याशी विकणाऱ्याला देणंघेणं नाही. रेषा सरळ असते ती एवढ्याचसाठी. उत्पन्न वाढलं तर रेषा स्वतःला समांतर राहून बाहेर सरकते आणि दर तोच राहतो. किंमत बदलली तर मात्र रेषा एका टोकाभोवती फिरते आणि दरच बदलतो. पहिल्या वर्षाच्या आकृत्यांत या दोन बदलांची गल्लत सर्रास होते. 'उत्पन्न वाढलं' असं लिहून रेषा फिरवलेली दिसली, की ओळखावं, आकृती पाठ झाली आहे, समजलेली नाही.

आता दुसरी बाजू, माणसाच्या मनाची. त्याला १२ सिनेमे आणि २ पुस्तकं मिळाली, तर तो अमुक इतका समाधानी असतो. त्याला विचारलं, 'आणखी एक पुस्तक देतो, पण बदल्यात काही सिनेमे घेतो; किती घेतले तर तुला फरक पडणार नाही?' तो म्हणाला, 'चार.' म्हणजे ८ सिनेमे आणि ३ पुस्तकं ही जोडी त्याला पहिल्या जोडीइतकीच प्रिय आहे. पुन्हा विचारलं, 'अजून एक पुस्तक?' आता तो दोनच सिनेमे सोडायला तयार होतो: ६ सिनेमे, ४ पुस्तकं. त्यापुढची दोन पुस्तकं मिळून तो जेमतेम दोन सिनेमे देईल: ४ सिनेमे, ६ पुस्तकं. दुसऱ्या दिशेला गेलो, तर दोनातलं एक पुस्तक द्यायचं म्हटल्यावर तो चक्क बारा सिनेमे मागतो: २४ सिनेमे, १ पुस्तक. हे सगळे बिंदू जोडले की समवृत्ती वक्र तयार होतो. या वक्रावरच्या कुठल्याही जोडीला तो 'हीच का, तीच का, मला सारखंच' असं म्हणतो.

पुस्तकामागे सोडलेले सिनेमे बघा: बारा, चार, दोन, मग सरासरी एक. मनातला हा दर दर पावलाला घसरतो. पुस्तकं जवळ कमी असतात तेव्हा एका पुस्तकासाठी माणूस बरंच काही सोडतो. पुस्तकं साठत जातात आणि सिनेमे विरळ होत जातात, तसा तो हात आखडता घेतो. पाठ्यपुस्तकात याला घटत्या सीमांत पर्यायता दराचं तत्त्व म्हणतात. त्यामुळेच वक्र आरंभबिंदूच्या बाजूला फुगलेला, म्हणजे बहिर्वक्र दिसतो. वक्राचा उतार म्हणजे मनातला दर आणि तो बिंदूगणिक वेगळा असतो.

तेव्हा दोन दर झाले. बाजाराचा दर ठरलेला, एका पुस्तकाला दोन सिनेमे. मनाचा दर बदलता. आता खरेदी करू.

आपला माणूस समजा सुरुवातीला १२ सिनेमे आणि २ पुस्तकं घेतो. हिशोब १२० अधिक ४०, बरोबर १६०. तो बजेट रेषेवर आहे, पैसे वाया गेलेले नाहीत. पण या जागी तो तिसऱ्या पुस्तकासाठी चार सिनेमे सोडायला तयार आहे आणि बाजार मागतोय दोनच. चार द्यायची तयारी असलेली गोष्ट दोनात मिळतेय. साहजिकच तो दोन सिनेमे सोडून पुस्तक घेतो आणि १० सिनेमे, ३ पुस्तकं या जोडीवर येतो. त्याच्या मनाच्या हिशोबाने ८ सिनेमे आणि ३ पुस्तकं आधीइतकीच चांगली होती. हातात मात्र १० सिनेमे आहेत. दोन सिनेमे निव्वळ नफ्यात पडले. तो वरच्या समवृत्ती वक्रावर चढला, आणि तेही एक पैसा जास्त खर्च न करता.

हा सगळा प्रवास आकड्यात बघायचा, तर समाधानाला काहीतरी क्रमांक द्यायला हवा. या माणसाच्या आवडीनिवडीचं वर्णन एका सोप्या नियमाने होतं: सिनेमांची संख्या गुणिले पुस्तकांची संख्या. वरच्या वक्रावरचे बिंदू पडताळून पाहा; १२ गुणिले २, ८ गुणिले ३, ६ गुणिले ४, ४ गुणिले ६, सगळीकडे २४ येतात. आता बजेट रेषेवरून चालत गेलो तर असं दिसतं:

| सिनेमे | पुस्तकं | खर्च | क्रमांक |
|---|---|---|---|
| १२ | २ | १६० | २४ |
| १० | ३ | १६० | ३० |
| ८ | ४ | १६० | ३२ |
| ६ | ५ | १६० | ३० |
| ४ | ६ | १६० | २४ |

पहिली आणि शेवटची ओळ नीट बघा. दोन्हीकडे २४. म्हणजे २४ चा समवृत्ती वक्र बजेट रेषेला दोन ठिकाणी छेदतो, आणि त्या दोन छेदांच्या मधला रेषेचा सगळा तुकडा त्या वक्राच्या वर आहे. प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. वक्र रेषेला आरपार कापून जात असेल, तर त्याच्या वर पण रेषेच्या आत अशी मोकळी जागा शिल्लक असते: परवडणारी आणि तरीही जास्त आवडणारी. छेदबिंदूत उभा असलेला ग्राहक म्हणूनच समतोलात असू शकत नाही. ३० च्या वक्राचंही तेच. तो १०, ३ आणि ६, ५ या दोन बिंदूंत कापतो, फक्त मधली जागा लहान झालेली असते. वर वर जात राहिलो की दोन छेद एकमेकांच्या जवळ येतात, मोकळी जागा आवळत जाते आणि ३२ च्या वक्रापाशी दोन्ही छेद एकाच बिंदूत मिळतात. त्या बिंदूत कापणं संपतं आणि टेकणं उरतं. ८ सिनेमे, ४ पुस्तकं. त्याच्या वरचा कुठलाही वक्र रेषेपर्यंत पोचतच नाही.

डोंगराच्या नकाशावर सारख्या उंचीच्या रेषा काढलेल्या असतात. त्या नकाशातून एक सरळ रस्ता जात असेल, तर रस्ता उंचीची रेषा ओलांडतो तिथे तुम्ही चढत तरी असता किंवा उतरत तरी. रस्त्यावरचं सर्वांत उंच ठिकाण तिथेच असतं, जिथे तो एखाद्या रेषेला न ओलांडता नुसता घासून जातो. बजेट रेषा हा रस्ता आणि समवृत्ती वक्र या उंचीच्या रेषा. शिखर रस्त्यापासून दूर असेल. पण तुम्हाला रस्ता सोडता येत नाही.

८, ४ या बिंदूत दर काय आहेत? इथून एखादं बारीकसं पाऊल टाकायचं म्हटलं, तर मनाचा दर येतो आठ भागिले चार, म्हणजे एका पुस्तकाला दोन सिनेमे. बाजाराचाही दोनच. पुस्तकासाठी जेवढं सोडायची तयारी, तेवढंच बाजार मागतोय. अदलाबदल करून हाती काही लागणार नाही, ना या दिशेने ना त्या दिशेने. उतार समान असणं म्हणजे एवढंच: फायद्याचा कुठलाही सौदा आता शिल्लक नाही. आणि ४, ६ या बिंदूत उलटी परिस्थिती आहे. तिथे मनाला शेवटचं पुस्तक एका सिनेमाइतकंही मोलाचं वाटत नाही, पण ते परत दिलं तर बाजार दोन सिनेमे देतो. तिथून तो पुस्तकं कमी करत मागे येईल.

क्रमांकांबद्दल एक खुलासा हवाच, कारण २४, ३०, ३२ पाहून समाधान मोजता येतं असा ग्रह होतो. या आकड्यांचा उपयोग फक्त कोण वर आणि कोण खाली, एवढं सांगण्यापुरता आहे. प्रत्येकाचा वर्ग करा. ५७६, ९००, १०२४ येतील. वक्र तेच, त्यांचा क्रम तोच, स्पर्शबिंदू तोच. समवृत्ती वक्र पहिल्यांदा १८८१ मध्ये एजवर्थने मांडले, आणि त्याच्या मनात समाधान मोजता येतं ही कल्पना होतीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परेटोने दाखवलं की मोजण्याची गरज नाही, क्रम पुरतो. हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ मध्ये सगळी मांडणी पर्यायता दराच्या भाषेत केली. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने यातली नावं विसरली तरी चालतील, पण 'माझं समाधान ३० वरून ३२ झालं म्हणजे दोनाने वाढलं' हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघू नये.

आता जरा अडचणीची बाजू. 'जिथे स्पर्श, तिथे समतोल' हा नियम म्हणून धरला, तर तो दोन्ही बाजूंनी फसतो. स्पर्श असूनही समतोल नसतो, आणि समतोल असूनही स्पर्श नसतो.

पहिला प्रकार जास्त मजेदार आहे. एक वेगळा माणूस घ्या, एकाच नादात बुडणारा. थोडे सिनेमे आणि थोडी पुस्तकं हा प्रकार त्याला मानवत नाही. सिनेमे तर सिनेमेच, पुस्तकं तर पुस्तकंच. त्याचा क्रमांक काढायचा नियम असा धरू: सिनेमांच्या संख्येचा वर्ग, अधिक पुस्तकांच्या संख्येच्या वर्गाची चौपट. किमती त्याच, पैसेही तेवढेच. गणित केलं तर याचाही वक्र रेषेला ८, ४ याच बिंदूत टेकतो, उतार अगदी समान. क्रमांक येतो ६४ अधिक ६४, म्हणजे १२८. पण एक पाऊल डावीउजवीकडे टाकून पाहा: १०, ३ ला १३६ आणि ६, ५ लाही १३६. टोकांना, म्हणजे नुसते १६ सिनेमे किंवा नुसती ८ पुस्तकं घेतली तर २५६. स्पर्शबिंदू हा त्याच्यासाठी रेषेवरचा सर्वांत वाईट बिंदू निघाला! याचे वक्र उलटे, बाहेरच्या बाजूला फुगलेले आहेत. पुस्तकं वाढतात तसा त्याच्या मनातला पुस्तकाचा दरही वाढत जातो. म्हणून पाठ्यपुस्तकात समतोलाची दुसरी अट असते, की स्पर्शबिंदूत वक्र आरंभबिंदूशी बहिर्वक्र हवा. बरेच जण ही अट शेवटच्या ओळीत घाईघाईने लिहितात किंवा गाळतात. ती गाळली, तर उत्तर अर्धवट नाही, चुकीचं होतं. पडताळणी सोपी आहे: रेषेवरून दोन्ही बाजूंना एकेक पाऊल टाका, दोन्हीकडे क्रमांक घसरला तरच तो समतोल.

दुसऱ्या प्रकारात तिसरा माणूस येतो. त्याला एक पुस्तक म्हणजे कायम तीन सिनेमे, कितीही पुस्तकं जवळ असोत. त्याचे समवृत्ती वक्र सरळ रेषाच आहेत. मनात तीन, बाजारात दोन. तो सिनेमे सोडत, पुस्तकं घेत जातो आणि थेट ८ पुस्तकं, शून्य सिनेमे या टोकावर जाऊन थांबतो. तिथेही त्याच्या मनाचा दर तीन आणि बाजाराचा दोनच आहे. उतार समान झालेच नाहीत. तरी तो समतोलात आहे, कारण सोडायला आता सिनेमेच उरलेले नाहीत. आपण ज्या हजारो वस्तू कधीच विकत घेत नाही, त्या सगळ्यांच्या बाबतीत आपण अशाच टोकावर उभे असतो, त्यामुळे हा काही कोपऱ्यातला अपवाद नव्हे. बुटांच्या डाव्याउजव्या जोडीसारख्या वस्तूंचे वक्र काटकोनात वळतात. तिथे समतोल त्या वळणावर असतो आणि वळणाला उतार नसतोच, मग तो समान कशाशी होणार?

या तिन्ही माणसांना लागू पडणारं वाक्य एकच आहे: परवडणाऱ्या जागेतून आणखी वरच्या वक्रावर जाण्याची वाट उरलेली नाही. वक्र गुळगुळीत आणि बहिर्वक्र असतील आणि दोन्ही वस्तू थोड्याथोड्या घेतल्या जात असतील, तेव्हा हीच गोष्ट स्पर्शबिंदूच्या रूपात दिसते.

पुन्हा नेहमीच्या, बहिर्वक्र वक्रांकडे येऊ, कारण या आकृतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अजून राहिली आहे. पहिल्या माणसाच्या शेजारी एक पुस्तकवेडा बसवा. रक्कम तीच, किमती त्याच, पण त्याच्या क्रमांकात पुस्तकांचा घन येतो: सिनेमांची संख्या गुणिले पुस्तकांच्या संख्येचा घन. त्याचा समतोल येतो ४ सिनेमे आणि ६ पुस्तकांवर, म्हणजे पहिला माणूस जिथून पळून येत होता त्याच बिंदूवर. आवडी वेगळ्या, खरेदी वेगळी. पण या बिंदूत पुस्तकवेड्याच्या मनाचा दर काढला, तर तोही येतो एका पुस्तकाला दोन सिनेमे. पुस्तकवेडा आणि साधा वाचक, दोघांनाही आपापल्या जागी शेवटचं पुस्तक बरोबर दोन सिनेमांच्या मोलाचं वाटतं. बाजारात दोघांना एकच किंमत मोजावी लागते, म्हणून प्रत्येक जण आपल्या खरेदीचं प्रमाण हलवत हलवत मनाचा दर त्या किमतीशी आणून जुळवतो. आवडीतला फरक दिसतो तो कोणी किती घेतलं यात; शेवटच्या नगाच्या मोलात तो दिसत नाही. म्हणून या दोघांनी खरेदीनंतर आपसात अदलाबदल करायची ठरवली, तरी दोघांनाही परवडेल असा सौदा सापडणार नाही.

आता पुस्तकांवर माणशी पाचाची मर्यादा घाला. पहिल्या माणसाला काही फरक पडत नाही, तो चारच घेतो. पुस्तकवेड्याची बजेट रेषा मात्र पाच पुस्तकांच्या उंचीवर कापली जाते आणि तो ६ सिनेमे, ५ पुस्तकं या तुटलेल्या टोकावर अडकतो. त्याचा क्रमांक ८६४ वरून ७५० वर येतो. सहाव्या पुस्तकासाठी तो इथे अडीच सिनेमे सोडायला तयार आहे. साडेतीन सिनेमे आणि सहा पुस्तकं मिळाली तर क्रमांक ७५६ होतो, म्हणजे थोडा फायदाच. अडीच सिनेमे म्हणजे २५. दुकानात २० ची पाटी आहे, पण त्याला तिथे सहावं मिळत नाही. आणि मागच्या दाराने कोणी २५ ला देऊ केलं, तर तो घेईल.